परिचयपत्र सुधारणाऱ्याची कैफियत

विवाहेच्छू मुलामुलींची परिचयपत्रे, ज्यांना आता खेड्यापाड्यांतही 'बायोडाटा' म्हणतात, ती नीटनेटकी करून देण्याचे काम सेवानिवृत्तीनंतर माझ्याकडे आपोआप चालत आले. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात गेल्यामुळे मजकूर कोठे तोडावा, कोणता तपशील अग्रभागी घ्यावा आणि कोणता दप्तराबाहेर जाऊच देऊ नये, एवढे ज्ञान माझ्यापाशी असणार अशी नातलगांची समजूत आहे, आणि ती खोटी नाही. गेल्या वर्षी माझ्या एका चुलतबंधूंनी आपल्या कन्येचे असे परिचयपत्र माझ्या फोनवर धाडले आणि त्याखाली एकच शब्द लिहिला : 'इम्प्रूव्ह'. ना नमस्कार, ना खुलासा. पुढे जे घडले त्याचे खापर आमच्या कुळात अद्याप माझ्याच माथी फोडले जाते, म्हणून ही कैफियत.

आलेला दस्तऐवज तीन पानांचा होता. प्रारंभी गणपतीचे चित्र, भोवती सोनेरी वेलबुट्टीची चौकट, आणि त्या चौकटीत जन्मतारीख, जन्मवेळ 'पहाटे ५', जन्मस्थळ, वर्ण गोरा, स्वभाव शांत, मनमिळाऊ व आज्ञाधारक, मुलीचे वार्षिक वेतन, बापाचे निवृत्तिवेतन, एकरांसकट बागायत, मामा-चुलते-आत्या यांची गावे आणि हुद्दे, सदनिकेचा क्रमांक आणि घरातल्या सर्वांचे फोन. मुलगी औषधनिर्मितीच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करते, ही गोष्ट तिसऱ्या पानावर, आत्यांच्या यजमानांच्या हुद्द्याखाली होती. नेमके काय सुधारायचे, शुद्धलेखन, मुलीची बाजू की घराण्याची ऐट, असे मी विचारले. "सगळंच, दादा. तुम्हाला कळतं त्यातलं," असे उत्तर आले. ज्याला आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपवायचे आहे त्याने हे उत्तर कधीही देऊ नये; आणि ज्याने ते काम अंगावर घ्यायचे त्याने हे उत्तर ऐकून लेखणी उचलू नये, असे आता माझे पक्के मत झाले आहे.

मी त्या तीन पानांचे एक पान केले. देवाचे नाव ठेवले, वेलबुट्टी काढली. नाव, वय, उंची, शिक्षण आणि नोकरी वरच्या तिसऱ्या हिश्श्यात आणली, कारण परिचयपत्र चाळणारा मनुष्य तेवढेच वाचून पान उलटायचे की नाही ते ठरवतो. कुटुंबाची माहिती चार ओळींत बसवली. मात्र माझे खरे श्रम लागले ते जन्मवेळेच्या रकान्यावर, आणि घात झाला तोही तिथेच.

माझा स्वतःचा फलज्योतिषावर विश्वास नाही. पण ज्या समाजात पत्रिका पाहिल्याशिवाय पोहे होत नाहीत तिथे हिशेब तरी बरोबर असावा. गुणमेलन छत्तीस गुणांचे, अठरा जुळले की लोक पुढची बोलणी करतात, आणि ते सारे चंद्राच्या राशीनक्षत्रावरून निघते. चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो, त्यामुळे नक्षत्राचे एक चरण ओलांडायला त्याला सहा तासांच्या आसपास लागतात. जन्मवेळ दहावीस मिनिटे इकडेतिकडे झाली तरी, चंद्र अगदी सीमेवर नसेल तर, रास, नक्षत्र, चरण, नाडी, गण यांपैकी काहीही बदलत नाही. लग्नराशीचे तसे नाही. बारा राशी चोवीस तासांत पूर्वक्षितिजावर उगवून जातात, म्हणजे एकेक रास सरासरी दोन तास टिकते, आणि मंगळ कोणत्या स्थानी पडतो ते याच लग्नापासून मोजतात. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी तो आला की पत्रिका मंगळाची ठरते.

म्हणून वहिनींकडून मी रुग्णालयाचे जुने कार्ड मागवले. त्यावर वेळ होती ४ वाजून ४७ मिनिटे. बंधूंनी ती गोळाबेरीज करून 'पहाटे ५' केली होती. दोन्ही वेळा मी गावातल्या जाणत्या गुरुजींना दाखवल्या. त्या तेरा मिनिटांतच लग्नरास बदलत होती. खऱ्या वेळेला मंगळ पंचमात होता, गोळा केलेल्या वेळेला तोच चतुर्थात जात होता. म्हणजे कोऱ्या पत्रिकेची मुलगी बापाच्या आळसापायी मंगळी होत होती. मी परिचयपत्रातून जन्मवेळ पूर्णपणे काढली आणि तिच्या जागी लिहिले : रास, नक्षत्र, चरण, नाडी, गण, मंगळ नाही, सविस्तर पत्रिका बोलणी पुढे गेल्यावर मिळेल. गुण जुळवण्यास एवढे पुरते. ज्यांना घरात पत्रिका पाहायची आहे त्यांनीही हाच मजकूर ठेवावा, आणि जन्मवेळ आठवणीवरून नव्हे तर रुग्णालयाच्या कागदावरून, मिनिटासकट, ज्याला द्यायची त्यालाच द्यावी.

बंधूंनी "उत्तम!" असे लिहून पाठवले. मी निश्चिंत झालो.

पुढे एक स्थळ आले आणि वडीलधारा म्हणून मला बोलावणे झाले. पोह्यांच्या बशा फिरत असताना मुलाच्या काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, चष्मा सावरला, आणि त्या कागदाच्या कडेची सोनेरी वेलबुट्टी माझ्या दृष्टीस पडली. बंधूंनी माझे पान ठेवून वर चौकट आणि खाली मी काढलेला आपला सारा मजकूर पुन्हा डकवला होता. तेव्हा एकाच कागदावर माझ्या मसुद्यातले 'मंगळ नाही' आणि त्यांचे 'पहाटे ५' गुण्यागोविंदाने नांदत होते. काका सभ्य गृहस्थ होते. ते एवढेच म्हणाले, "आमच्या शास्त्रीबुवांनी ही वेळ मांडली तर चौथ्यात मंगळ दिसतो, आणि इथं तर लिहिलंय की नाही. तुम्ही लपवताय असं आम्ही म्हणत नाही. पण मग काय म्हणावं?" बंधूंनी त्यावर रुग्णालयाच्या कार्डाचा उच्चारही केला नाही. ते माझ्याकडे वळले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "दादांनी सुधारून दिलाय ना हा." माझ्या पुतणीने त्या वेळी बापाकडे ज्या नजरेने पाहिले त्यानेच मला थोडेफार समाधान दिले. आठवड्याने नकार आला. कारण अर्थातच 'योग नाही' असे कळवले गेले.

हा राग बाजूला ठेवून उरलेल्या रकान्यांविषयी सांगतो. मामांचे संपूर्ण नाव व गाव लिहिण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे, आणि तो सोयरीक तपासण्यापुरता सयुक्तिक आहे. परंतु मामांच्या नावात आईचे माहेरचे आडनाव असते, आणि पुष्कळ खात्यांत ओळख पटवण्यासाठी तेच विचारले जाते. आधारपत्राची जी प्रत संगणकावर उतरवून घेतात तिचा संकेतशब्द म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती आपण नाव, जन्मतारीख, आईचे माहेर, पत्ता आणि फोन एकाच पानावर आयते देतो. म्हणून प्रथम पानावर जन्मतारखेऐवजी वय, पत्त्याऐवजी शहर व उपनगर, मामांच्या नावाऐवजी 'आजोळ' म्हणून केवळ तालुका, आणि फोन एकच, तोही मुलीचा नव्हे, एवढेच असावे. वेतनाचा आकडाही घालू नये. मालकाने जो वार्षिक आकडा नेमणूकपत्रात लिहिलेला असतो त्यात त्याचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा आणि बहुधा उपदानही धरलेले असते; तो बारांनी भागून लोक महिन्याची आवक काढतात, आणि पुढे हाती पडणारी रक्कम कमी निघाली की फसवणुकीची भाषा सुरू होते. हुद्दा आणि कामाचे स्वरूप लिहिले की जाणता मनुष्य समजून घेतो.

स्वभावाच्या ओळीसंबंधी माझे मत कडक आहे : ती नसावीच. शांत, मनमिळाऊ, संस्कारी, गृहकृत्यदक्ष ही विशेषणे प्रत्येक कागदावर असल्याने कोणत्याच मुलीविषयी काही सांगत नाहीत, आणि 'आज्ञाधारक' हा शब्द तर ज्या घराला आवडेल त्या घरी मुलगी देऊ नये. त्याऐवजी अपेक्षांची ओळ खरी असावी. 'अनुरूप, सुशिक्षित, निर्व्यसनी' असे लिहून काहीच साधत नाही, कारण सव्यसनी हवा असे कोण लिहील? माझ्या मसुद्यात पुतणीला विचारून लिहिले होते : 'विवाहानंतर नोकरी चालू ठेवणार, पुणे किंवा मुंबई पसंत, परदेशी जाण्याची इच्छा नाही.' या ओळीने काही स्थळे परस्पर गळली असती, आणि तोच तिचा उपयोग होता. बंधूंनी ती काढून 'अनुरूप' लिहिले.

आता ज्या लपवू नयेत अशा गोष्टी. मोडलेला साखरपुडा, पूर्वीचा घटस्फोट, दीर्घकालीन आजार. यांपैकी घटस्फोट वैवाहिक स्थितीच्या रकान्यात स्पष्ट लिहावा. आजार व मोडलेला साखरपुडा शेकडो फोनांतून फिरणाऱ्या पानावर घालण्याचे प्रयोजन नाही. तथापि पत्रिका जुळल्यावर, पहिल्या भेटीपूर्वी किंवा निदान भेटीत, ते समोरच्याला तोंडी सांगितलेच पाहिजे. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी फसवणूक करून संमती घेतलेला विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो, आणि ती फसवणूक उघडकीस आल्यापासून वर्षभरात तशी दरखास्त करता येते. गंभीर आजार दडवणाऱ्या घरांना हे कलम अर्ज हाती पडल्यावरच कळते.

राहता राहिली फाईल. मी बंधूंना वर्डमधली प्रत दिली, कारण त्यांनी 'एखादं अक्षर बदलावं लागलं तर' म्हणून तीच मागितली होती. बदलता येणारी प्रत मुलीपाशी असावी; बाहेर जाणारी प्रत पीडीएफच असावी, नाहीतर मधला प्रत्येक हितचिंतक तीत आपली भर घालतो. जुन्या श्रीलिपी अक्षरसंचात टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रात कित्येकदा निरर्थक चिन्हांचा होतो, म्हणून युनिकोडात लिहावे. आणि तळाशी, लहान अक्षरांत, महिना व वर्ष घालावे, म्हणजे कोणाच्या हाती कोणती प्रत आहे ते ओळखता येते.

पुतणीने आता आपले पान स्वतः तयार केले आहे आणि ते ती स्वतःच पाठवते. बापाला फक्त छापील प्रत मिळते. वेलबुट्टीचा कागद मात्र अजून फिरतो आहे. ज्या वधूवर सूचक मंडळांत तो पोहोचला होता त्यांपैकी एकाने विनंतीपत्र जाताच तो काढून टाकला. दुसऱ्याचे चिटणीस म्हणतात की नोंद एकदा झाली की विवाह ठरल्यावरच रद्द होते, त्याआधी रद्द करण्याची त्यांच्या नियमांत तरतूद नाही. तिथे 'पहाटे ५' आणि 'मंगळ नाही' अजून एकाच पानावर आहेत, आणि चौकशीसाठी फोन येतात ते बंधू माझ्याकडे वळवतात.