नामनिर्देशित आणि वारस

प्रश्न : वडिलांच्या डोंबिवलीतील स्वकष्टार्जित सदनिकेचा मी नामनिर्देशित, मृत्युपत्र नाही, आई पूर्वीच निवर्तली. ठाण्याच्या एकुलत्या बहिणीने निम्म्या हिश्श्याची नोटीस धाडली आहे. सदनिका माझीच ना?

उत्तर : नव्हे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ अन्वये नामनिर्देशिताचे सभासदत्व वारस ठरेपर्यंत तात्पुरतेच असल्यामुळे, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने कन्या व पुत्र समान वारस असल्यामुळे, भगिनीची मागणी रास्त आहे. साळगावकर खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, समभागांपुरते का होईना, हेच तत्त्व उचलून धरले. कल्याणच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा गेल्यास, सदनिकेचे तुकडे होत नसल्याने, निम्म्याची धनीण विक्री मागू शकेल. तेव्हा न्यायालयाने ठरविलेल्या मूल्याने तिचा हिस्सा घेण्याची मुभा आपणांस राहील. तत्पूर्वीच मोबदला देऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यावे, हे माझे मत. साध्या कागदावरील कबुली निरुपयोगी.