वजन उतरलं, मग कोलेस्टेरॉलची गोळी अजून का?

प्रश्न : माझ्या यजमानांची (वय ५२) सहा महिन्यांपूर्वी वजन कमी करण्याची 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया झाली. वजन ११८ किलोवरून ९२ वर आलं. ट्रायग्लिसराइड २४० होतं, ते १२० झालं. मधुमेहाची एक गोळीही सुटली. एलडीएल मात्र ८२ होतं, ते ७८ वरच आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला, तेव्हापासून ॲटोरव्हास्टॅटिन ४० चालू आहे. शेजारच्या ताईंची पोटाची बायपास झाली आणि त्यांची ही गोळी डॉक्टरांनी थांबवली. मग ह्यांची का थांबवत नाहीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही रिपोर्टमधले आकडे वेगवेगळे लिहिलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल एकाच कागदावर छापून येतात, पण ते वाढण्या-उतरण्याची कारणं वेगळी असतात. ट्रायग्लिसराइडचा संबंध यकृतातल्या चरबीशी आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराशी जास्त असतो. वजन उतरलं की यकृतातली चरबी कमी होते आणि हा आकडा भराभर खाली येतो. एचडीएल सुरुवातीच्या काही आठवड्यांत कधी कधी घसरतं आणि वजन स्थिरावू लागलं की सावकाश वर जातं. म्हणून पहिल्या महिन्याच्या रिपोर्टवरून काही ठरवू नये.

एलडीएलचं तसं नाही. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती आतड्यात उतरतात आणि बरीचशी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा यकृताकडे परततात. हा फेरा तोडला तर यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. अमेरिकेत डॉ. हेन्री बुखवाल्ड यांनी नेमका आतड्याचा हाच भाग वगळण्याची शस्त्रक्रिया केली होती, तीही वजनासाठी नव्हे, कोलेस्टेरॉलसाठी. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एलडीएल तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरलं होतं. आजच्या पोटाच्या बायपासमध्ये आतड्याचा वेगळा, वरचा भाग वगळतात, तरी त्यातही कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं आणि एलडीएल बऱ्यापैकी उतरतं. स्लीव्हमध्ये जठर अरुंद करतात, आतड्याची वाट तीच राहते. त्यामुळे एलडीएल जेमतेम हलतं. शेजारच्या ताईंची आणि तुमच्या यजमानांची तुलना इथेच संपते. त्यांना हृदयविकार नसेल तर हिशेब आणखी निराळा.

आता तो ७८ चा आकडा पाहा. तो गोळी घेत असतानाचा आहे. ॲटोरव्हास्टॅटिन ४० एलडीएल साधारण निम्म्यावर आणते. म्हणजे गोळी बंद केली तर काही आठवड्यांत तो १५० च्या आसपास जाण्याची शक्यता आहे. स्टेंट बसलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली ठेवावं असं आता हृदयरोगतज्ज्ञ मानतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांसमोरचा प्रश्न गोळी थांबवण्याचा नसून वाढवण्याचा किंवा जोडीला इझेटिमाइब १० देण्याचा असू शकेल.

'फेरविचार' मात्र करायलाच हवा, तो दोन्ही दिशांनी. विशेषतः बायपासनंतर ॲटोरव्हास्टॅटिन रक्तात किती पोहोचेल याचा नेम नसतो. काहींमध्ये ते कमी होतं, काहींमध्ये वाढतं, कारण औषध शोषणारा आणि त्यातलं काही मोडणारा आतड्याचा वरचा भागच वाटेतून वगळलेला असतो. म्हणून मात्रा अंदाजाने नव्हे, रिपोर्ट पाहून ठरवतात : तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. मांड्या-दंड दुखू लागले किंवा लघवी गडद झाली तर लगेच सांगा, सीपीके तपासतील.

एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. यजमानांना थायरॉइडची गोळी असेल, तर शस्त्रक्रियेनंतर नव्याने सुरू झालेल्या कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिचं शोषण अडवतात. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. ते राखलं नाही तर टीएसएच चढतं, त्यामागून एलडीएलही चढतं आणि स्टॅटिनने स्नायू दुखण्याचा धोकाही वाढतो. एलडीएल अचानक वर गेलं तर आधी टीएसएच पाहायला सांगा.

मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी अजून चालू असेल तर घाम, थरथर, भोवळ याकडे लक्ष ठेवा. इतकं कमी खाणाऱ्याची साखर त्या गोळीने फार उतरू शकते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाबाची गोळी, त्यातही लघवी वाढवणारी, जास्त होत असेल. पाकिटावर एसआर किंवा एक्सआर छापलेली गोळी कुटून देऊ नका. स्टेंटसाठीची ॲस्पिरिन कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका, आणि दुखणं झालं म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक आणू नका, जठराला जखम होऊ शकते. पुढच्या भेटीला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शस्त्रक्रियेआधीचा लिपिड प्रोफाइल सोबत न्या.