गल्ल्याच्या मागचं तिकीट आणि नव्वदावा दिवस

कराडजवळच्या एका गावातलं किराणा दुकान. फेब्रुवारीतला गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. दुकान वाढवायच्या वेळी गल्ल्याचा ड्रॉवर अर्ध्यात अडकला. मालकांनी तो हिसका देऊन पुरता बाहेर ओढला, तेव्हा मागच्या फळीला चिकटून बसलेलं सगळं हाती आलं: रबरबँडांचा गुंता, दोन रुपयांची चार नाणी, कुठल्याशा एजन्सीचं जुनं बिल, आणि चार घड्या घातलेलं लॉटरीचं एक तिकीट. कडेला हळदीचा आणि तेलाचा डाग होता. घड्या उलगडल्यावर मधोमध एक बारीक फाट दिसली.

ते तिकीट त्यांनी हौसेनं घेतलं नव्हतं. चौकात तिकिटं विकणाऱ्या एकाची दोनशे रुपये उधारी राहिली होती. दिवाळीनंतर त्यानं पैशांऐवजी दोनशेचं तिकीट हातात ठेवलं आणि उधारी फिटली असं दोघं धरून चालले. तिकीट गल्ल्यात गेलं, वरून पावत्या पडल्या आणि सोडतीचा दिवस कधी येऊन गेला ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

आता त्यांचा पहिला हात मोबाइलकडे गेला. त्याच नावाच्या सोडतीचा निकाल सापडला, पण नंबर जुळेना. तिकीट परत कचऱ्यात जाणारच होतं. सुट्टीला आलेली मुलगी जवळच उभी होती. ती म्हणाली, “बाबा, तारीख बघा ना. हा निकाल मागच्या आठवड्याचा आहे. तुमचं तिकीट नोव्हेंबरचं.”

ही चूक फार जणांकडून होते. राज्य लॉटरीच्या साप्ताहिक सोडती एकाच नावानं वर्षभर चालतात, सणासुदीच्या मोठ्या सोडतींची नावं दर वर्षी तीच असतात आणि निकालाचे कागद एकमेकांसारखे दिसतात. म्हणून जुनं तिकीट तपासताना आधी सोडतीचं नाव, मग तारीख, मग मालिकेची अक्षरं आणि सगळ्यात शेवटी क्रमांक पाहायचा. मालिका वगळून नुसता क्रमांक पाहिला की दोन्ही बाजूंनी फसगत होते. मोठ्या बक्षिसाला मालिका आणि क्रमांक दोन्ही जुळावे लागतात. छोट्या बक्षिसांना बहुतेक वेळा शेवटचे काही आकडे पुरतात. आकडे जुळले म्हणून कुणी पहिलं बक्षीस लागल्याच्या आनंदात गाव गोळा करतो, तर मालिका वेगळी दिसली म्हणून दुसरा हजार रुपयांवर पाणी सोडतो. निकालही सरकारी संकेतस्थळावरचाच धरावा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोत कुणी आकडा बदलला तर कळायला मार्ग नसतो.

मुलीनं नोव्हेंबरचा निकाल काढला. नाव, तारीख, मालिका, क्रमांक, सगळं एकेक करून दोघांनी मोठ्यानं वाचलं. एक लाख रुपयांचं बक्षीस लागलं होतं.

मग तिनं तिकीट उलटं केलं.

पाठीवर अगदी बारीक अक्षरांत छापलेले नियम असतात. ते कुणी वाचत नाही, पण तिकिटाचा खरा करार तिथेच असतो. या तिकिटावर सोडतीच्या तारखेपासून 90 दिवसांची मुदत होती. सोडत होती 9 नोव्हेंबरची. नोव्हेंबरचे उरलेले 21, डिसेंबरचे 31 आणि जानेवारीचे 31 मिळून 83 झाले. म्हणजे 90 वा दिवस 7 फेब्रुवारी. पण सोडतीचा दिवस पहिला धरून मोजलं, तर तोच नव्वदावा दिवस 6 फेब्रुवारीला येतो. त्या रात्री भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख होती 5.

त्यातून 7 तारखेला शनिवार. महाराष्ट्रात सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शनिवारी दार उघडणारच नव्हतं. शेवटचा दिवस सुट्टीत आला तर पुढच्या कामाच्या दिवशी केलेली गोष्ट मुदतीत धरावी, असं एक तत्त्व कायद्यात आहे. पण ते कायद्यानं घातलेल्या मुदतींसाठी आहे. तिकिटाच्या पाठीवरच्या अटीला ते लागू पडतं की नाही, हा वाद सोमवारी खिडकीवर उभं राहून घालण्यात शहाणपण नाही. हिशेबाचा जो सगळ्यात कडक अर्थ निघतो तोच आपला धरावा. त्या हिशेबानं दुकानदारांकडे फक्त उद्याचा शुक्रवार होता.

मुदत सगळीकडे सारखी नसते, हेही सांगायला हवं. केरळच्या लॉटरीत तिकीट सोडतीपासून 30 दिवसांत सादर करावं लागतं. ब्रिटनमध्ये 180 दिवस मिळतात, न्यूयॉर्कमध्ये एक वर्ष. आणि मुदत टळली की रक्कम कितीही मोठी असो, उपयोग नाही. 8 जून 2012 च्या युरोमिलियन्स सोडतीत इंग्लंडमधल्या स्टीव्हनेज आणि हिचिन भागात विकलेल्या एका तिकिटाला सुमारे 6 कोटी 38 लाख पौंड लागले होते. भरपूर जाहिरात झाली, माणूस आलाच नाही. डिसेंबरात मुदत संपली आणि पैसे समाजकार्याच्या निधीत गेले. याउलट न्यू जर्सीतल्या एका सुरक्षा रक्षकाला 2017 च्या मे महिन्यात जुन्या शर्टाच्या खिशात तिकिटांचा गठ्ठा सापडला. त्यातल्या एका तिकिटाला 2 कोटी 41 लाख डॉलर लागले होते आणि मुदत संपायला दोन दिवस उरले होते. त्याला पैसे मिळाले. आपल्याकडे 1998 चा लॉटरी नियमन कायदा सांगतो की मुदतीत न मागितलेलं बक्षीस राज्य सरकारचं होतं.

महाराष्ट्रात दहा हजारांपर्यंतचं बक्षीस विक्रेत्याकडे मिळू शकतं. त्यावरच्या रकमेसाठी नवी मुंबईत वाशीला राज्य लॉटरीच्या कार्यालयात दावा करावा लागतो. पोस्टानं पाठवायला वेळच उरला नव्हता. रात्रीची एसटी पकडायचं ठरलं आणि घरात धावपळ सुरू झाली.

त्या धावपळीत एक घात होता होता राहिला. फाट वाढू नये म्हणून दुकानदारांनी चिकटपट्टी काढली होती आणि ती नेमकी बारकोडवरून जाणार होती. तिकीट खरं आहे की बनावट, ते कार्यालयात बारकोड, क्रमांक आणि कागदातल्या खुणा पाहून ठरवतात. पट्टी, डिंक, लॅमिनेशन यांतलं काहीही या खुणांवर आलं तर शंकेला जागा होते, आणि शंका आली की तिकीट फेटाळलं जाऊ शकतं. डाग पुसायचा नाही, इस्त्री करायची नाही. जसं सापडलं तसं दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून, ते कागद जाड वहीत घालून न्यायचं. त्यांनी उधारीच्या वहीत ठेवलं.

निघण्याआधी आणखी एक काम तिथल्या तिथे उरकलं. तिकिटाच्या पाठीवर नाव, पत्ता आणि सही. सही नसलेलं तिकीट ज्याच्या हातात असेल त्याचं. ते हरवलं आणि दुसऱ्या कुणी त्यावर नाव घातलं, तर ‘हे माझं होतं’ हे सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. केरळात 2021 साली आलुवा भागातल्या एका विक्रेतीनं गिऱ्हाइकाला फोनवर उधारीत तिकीट दिलं. ते होतं तिच्याकडेच, पैसेही मिळाले नव्हते. त्याला सहा कोटी लागले आणि तिनं तेच तिकीट त्याच्या घरी नेऊन दिलं. तिचं मन मोठं, म्हणून ते घडलं. दुसऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर आपलं तिकीट ठेवू नये. सही घरी, शांतपणे, बॉलपेननं आणि पॅन कार्डावर आहे तशीच करावी. पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि झेरॉक्स काढून ते घरात दुसऱ्याकडे ठेवावेत.

पहाटे एसटी वाशीला पोहोचली. कार्यालय उघडायला वेळ होता, म्हणून बापलेक चहाच्या टपरीवर बसले. झेरॉक्ससाठी कुणाला तरी विचारलं तेवढ्यात एक गृहस्थ जवळ आला. “शेठ, तिकीट आहे का? आज शेवटचा दिवस म्हणता, तुमचं काम व्हायचं नाही. मी आत्ता ऐंशी हजार रोख देतो.”

हिशेब बघितला तर बोली आकर्षक होती. दहा हजारांवरच्या बक्षिसातून 30 टक्के कर आधीच कापून घेतात. एक लाखाचे खात्यावर सत्तर हजारच येणार. त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे आणखी 1,200 रुपये, विवरणपत्र भरताना द्यावे लागणार. दुसरं उत्पन्न कितीही कमी असलं तरी करमुक्त मर्यादेचा फायदा या रकमेला मिळत नाही आणि त्यातून खर्चाची वजावटही मिळत नाही. हातात राहतात 68,800. समोरचा ऐंशी हजार देतो म्हणतो. पदरचे अकरा हजार दोनशे घालून तो हा सौदा कशासाठी करेल? कारण त्याच्याकडे बेहिशेबी रोकड असते आणि लॉटरीचं बक्षीस ही कर भरून स्वच्छ झालेली रक्कम असते. त्याचा काळा पैसा पांढरा होतो आणि विकणाऱ्याच्या घरात ज्याचा हिशेब देता येत नाही असे ऐंशी हजार येतात. बँकेत भरले तर प्रश्न, नोटा खोट्या निघाल्या तर तक्रार करायला तोंड नाही. मुलीनं बापाचा हात धरला आणि दोघं टपरीवरून उठले.

खिडकीवर दाव्याचा अर्ज भरला. सोबत मूळ तिकीट, आधार आणि पॅनच्या प्रती, फोटो, आणि खात्यासाठी रद्द केलेला धनादेश दिला. फाटीकडे कारकुनानं भिंग लावून पाहिलं, क्रमांक अखंड आहे याची खात्री केली. इथे दुकानदारांनी दुकानदारीतली सवय वापरली. माल उतरवून घेतल्यावर ते जसे पावतीवर सही मागतात, तशी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर त्यांनी तारीख आणि शिक्का असलेली पोच मागितली. मूळ तिकीट एकदा आत गेलं की मुदतीत दावा केल्याचा तोच पुरावा आपल्या हातात राहतो. पोच घेतल्याशिवाय कुणी खिडकी सोडू नये.

पैसे लगेच मिळत नाहीत. तिकिटाची पडताळणी होते, मगच रक्कम खात्यावर जमा होते. त्यांच्या खात्यावर काही आठवड्यांनी सत्तर हजार आले. कर कापल्याची नोंद आयकर खात्यात त्यांच्या पॅनवर दिसली, तीही मुलीनं तपासली.

दुकानदारांनी त्यानंतर स्वतःहून तिकीट घेतलेलं नाही. पण चौकातला तो विक्रेता अजून अधूनमधून उधारीपोटी एखादं देतो. ते आता गल्ल्यात जात नाही. दिनदर्शिकेच्या मागच्या खिळ्याला टोचलेल्या पाकिटात जातं, आणि सोडतीच्या चौकोनात लाल पेननं एक टिंब पडतं. ज्यांच्या घरात देव्हाऱ्याखाली, शिलाई मशीनच्या खणात, जुन्या पाकिटात तिकीट पडून असेल, त्यांनी आज रात्रीच ते उलटं करून पाठीवरची मुदत वाचावी, आणि दिवस मोजताना सोडतीचा दिवस पहिला धरावा.