गेट मीटिंग : पगारवाढीचं बोलणं सुरू होण्याआधी युनियनचा नेता काय बोलतो?

आजचा धडा गेटच्या पलीकडून शिकायचा आहे. उद्या तुमच्याकडे पन्नास कामगार असतील, तेव्हा हे कामी येईल.

समजा, एका कारखान्याचा पगारवाढीचा करार संपलाय. युनियनने मागणीपत्रात महिना ६,००० रुपये वाढ मागितली आहे. वाटाघाटी सोमवारी आहेत. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर गेटवर सभा भरते. मागून कुणीतरी ओरडतं, "साहेब, सहा हजार नक्की ना?"

कच्चा नेता "नक्की!" म्हणतो आणि टाळ्या घेतो. मुरलेला नेता आवाज न चढवता सांगतो :

"सहा हजार ही आपली मागणी आहे, माझा शब्द नाही. आकडा टेबलावर ठरेल. माझ्या हातात तीन गोष्टी आहेत, त्यांचा शब्द देतो. प्रत्येक बैठकीनंतर इथेच येऊन खरं काय झालं ते सांगेन. तुम्हाला विचारल्याशिवाय सही करणार नाही. आणि आधी मिळत असलेली एकही सवलत कमी करायला होकार देणार नाही. तोवर काम नेहमीसारखं चालू ठेवा."

यात नरमाई कुठेच नाही. पण आकड्याचं वचनही नाही. का?

आता हिशेब बघा

समजा, तीन वर्षांसाठी ४,००० वर तडजोड झाली. पहिल्या वर्षी २,०००, पुढची दोन वर्षं हजार-हजार. सगळी वाढ मूळ पगारात धरली आणि पूर्ण मूळ पगारावर पीएफ कापला जात असेल, तर १२ टक्क्यांनी पहिल्या वर्षी २४० रुपये पीएफला जातात. हातात वाढ येते १,७६० रुपये. ज्याने सहा हजार डोक्यात धरलेत, त्याला ही पगाराची स्लिप म्हणजे फसवणूकच वाटणार. मग करार चांगला असूनही नेत्याचा शब्द पडतो, आणि कामगार कराराविरुद्ध उभे राहतात. म्हणून चांगला नेता टप्पे आणि कपात सभेतच समजावतो, बोलणी सुरू व्हायच्या आधी.

मालक म्हणून तुम्ही काय घ्यायचं?

एक, समोरच्या नेत्याला सभेत "नक्की" म्हणायला लागेल अशी वेळ आणू नका. तुम्ही तारखा टाळत राहिलात की गेटवरचा संयम संपतो, आणि तो आकडा बोलून बसतो. एकदा बोलला की त्याला मागे येता येत नाही. तुमचीही तडजोडीची जागा जाते.

दोन, तुमचाही हिशेब नीट करा. चार हजारांची वाढ तुम्हाला चार हजारांत पडत नाही. वरच्याच हिशेबाने मालकाच्या वाट्याचा पीएफ ४८० धरला की माणशी ४,४८० होतात. ग्रॅच्युइटीचा बोजा वेगळा.

तीन, दिवाळीच्या आधी तुम्ही स्वतः कामगारांसमोर उभे राहाल, तेव्हा "बघू, चांगलंच देऊ" म्हणू नका. "अमुक तारखेला आकडा सांगतो" म्हणा, आणि त्या तारखेला सांगा.

गृहपाठ : तुमच्या एका कामगाराची पगाराची स्लिप घ्या. हजार रुपये वाढवले तर त्याच्या हातात किती पडतील आणि तुमच्या खिशातून किती जातील, कागदावर मांडा. उत्तर कमेंटमध्ये लिहा.