बुटाचा तळवाही बघा

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत जाणाऱ्यांच्या घरी नवे बूट आले, की पुढची टोपी लोखंडाची आहे का, एवढेच विचारले जाते. आम्ही बूट उलटा करायला सांगतो.

टोपी स्टीलची असो वा कंपोझिटची, म्हणजे फायबर-प्लास्टिकची, आयएस १५२९८ भाग २ मध्ये दोन्हींची कसोटी एकच: २० किलोचे वजन साधारण एक मीटरवरून पडले तरी बोटे वाचली पाहिजेत. कंपोझिट हलकी असते, लवकर तापत नाही. बारा तास उभे राहणाऱ्याला हा फरक कळतो. पण एकदा जोराचा मार बसला की तिला आतून तडा गेलेला वरून दिसत नाही. तो जोड बदलायचाच. स्टीलची टोपी चेपली तर बोटांना लागते, तोही बदलावा.

खरी गोम तळव्यात आहे. स्वस्त पीयू तळवा मऊ, हलका, बांधकामावर चालतो; तापलेल्या वाळूवर मात्र तो मऊ पडून वितळतो. ओतकामाला नायट्राइल रबर हवे. बुटावर ‘एचआरओ’ अशी इंग्रजी अक्षरे असतील तर त्या तळव्याने ३०० अंशांचा चटका एक मिनिट सोसलेला असतो. वितळलेले लोखंड १३०० अंशांच्या वर असते, म्हणून त्यावर पाय देण्यासाठी कुठलाच बूट नाही.

ओतणाऱ्याने नाडीचे बूट टाळावेत, थेंब नाडीत अडकतो. पँट बुटात खोचू नये, बाहेर सोडावी. साखरेमुळे पाय बधिर असेल तर चटका कळतच नाही, अशा भावाचे तळवे घरच्यांनी रोज रात्री बघावेत.

बुटाचे पैसे पगारातून कापता येत नाहीत, ते कारखान्याने द्यायचे असतात.