पोळ्याचा महिना आणि दुकानदाराचा रिपोर्ट

प्रश्न : सिंदी (रेल्वे) इथल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाचं इन्स्टाग्राम मी सांभाळते. दर महिन्याला रिपोर्ट देते, पण दुकानदार दादा म्हणतात, "आकडे ठीक आहेत, गिऱ्हाईक किती आलं ते सांग." काय लिहू?

उत्तर : दादांचंच खरं आहे. रीच म्हणजे किती खात्यांपर्यंत पोस्ट पोचली, व्ह्यूज म्हणजे ती किती वेळा दिसली. एकाच माणसाने चारदा पाहिली तर व्ह्यूज चार. इन्साइट्समध्ये शहरंही पाहा. रीच पुण्या-मुंबईचा असेल तर सिंदीच्या काउंटरवर त्याचा उपयोग नाही.

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मावेल एवढाच ठेवा. समजा, बूस्टला १,५०० रुपये गेले, ३० जणांनी भाव विचारला, ६ जणांनी खरेदी केली. मग लिहा : "दादा, एका गिऱ्हाइकामागे २५० रुपये पडले." परवडलं की नाही, ते नफा पाहून दादाच ठरवतील. खरेदीचा आकडा मात्र इन्स्टाग्राम देत नाही. त्यासाठी गल्ल्याजवळ वही ठेवून "कुठं पाहिलं?" असं विचारावं लागतं. गर्दीत हे हमखास राहून जातं, तेव्हा आकडा कमीच धरला गेलाय हेही लिहा.

तुमच्या गावात तान्हा पोळा हाच मोठा हंगाम. पोळा २०२४ मध्ये २ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. ऑगस्टची ऑगस्टशी तुलना केलीत तर काहीही न करता वाढ दिसू शकते आणि सप्टेंबर पडलेला दिसू शकतो. म्हणून पोळ्याआधीचे पंधरा दिवस गेल्या वर्षीच्या पोळ्याआधीच्या पंधरा दिवसांशी ताडून पाहा.