साक्षीदाराची सरतपासणी, उलटतपासणी आणि फेरतपासणी: एका खटल्याच्या आधारे कृती

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेतो, त्यानंतर त्याला तीन टप्प्यांत प्रश्न विचारले जातात. ज्याने त्याला बोलावले तो पक्ष आधी विचारतो, ती सरतपासणी. मग विरुद्ध पक्षाची उलटतपासणी. शेवटी बोलावणाऱ्याला वाटलेच तर फेरतपासणी. हा क्रम भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 142 आणि 143 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पासून हा कायदा लागू झाला, पण जुन्या 1872 च्या कायद्यातही क्रम हाच होता.

क्रम सर्वांना पाठ असतो. चूक होते ती एका टप्प्याचे काम दुसऱ्या टप्प्यात करायला गेल्याने. म्हणून तिन्ही टप्पे एकाच काल्पनिक खटल्यात लावून पाहू.

खटला असा आहे. नोव्हेंबरअखेरची संध्याकाळ, पावणेसातची वेळ. शेताच्या बांधावरून दोन चुलत भावांत भांडण होते आणि एकाला कोयत्याच्या दोन जखमा होतात, एक दंडावर आणि एक पोटरीवर. शेजारचा शेतकरी विहिरीवरची मोटार चालू करायला आलेला असतो. तो एकमेव त्रयस्थ साक्षीदार. पोलीस तिसऱ्या दिवशी त्याचा जबाब नोंदवतात. खटला तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो.

आधीची तयारी

साक्षीदाराचा पोलीस जबाब, घटनास्थळ पंचनामा, कच्चा नकाशा आणि जखमेचे प्रमाणपत्र एकत्र वाचा. कागदावर दोन रकाने आखा. एकात साक्षीदाराने स्वतः पाहिलेले, दुसऱ्यात त्याने ऐकलेले किंवा नंतर कळलेले. आपल्या साक्षीदाराच्या जबाबात असे आहे: "आरडाओरडा ऐकून मी धावत गेलो. तेव्हा जखमी बांधावर पडला होता. मी पाहत असतानाच आरोपीने त्याच्या पायावर कोयता मारला. ट्रॅक्टरचे दिवे चालू होते." म्हणजे पोटरीवरचा वार त्याने पाहिला, दंडावरचा नाही. हे सरकारी वकिलांनीही ठळक करून ठेवायचे आणि बचावाच्या वकिलांनीही.

पहिला टप्पा: सरतपासणी

हेतू एकच. साक्षीदाराने जे अनुभवले ते त्याच्याच शब्दांत नोंदीवर आणायचे.

1. ओळखीच्या गोष्टींपासून सुरुवात करा: गाव, व्यवसाय, त्याचे शेत घटनास्थळाच्या कोणत्या बाजूला. वादात नसलेल्या अशा प्रास्ताविक बाबींवर सूचक प्रश्न चालतात.

2. मुख्य घटनेवर आलात की सूचक प्रश्न बंद करा. ज्या प्रश्नात हवे ते उत्तर आधीच घातलेले असते तो सूचक प्रश्न. "आरोपीने कोयत्याने वार केला ना?" हा सूचक. "तुम्ही पोहोचलात तेव्हा काय दिसले?" हा योग्य. विरुद्ध पक्षाने हरकत घेतली तर कलम 146 प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय सरतपासणीत असा प्रश्न विचारता येत नाही. हरकत कोणी घेतली नाही तरीही वकिलाच्या तोंडून आलेल्या उत्तराला न्यायाधीश फारसे वजन देत नाहीत.

3. घटना काळाच्या क्रमाने उलगडू द्या. कुठे होतात, काय ऐकले, काय केले, पोहोचल्यावर काय दिसले, त्यानंतर काय झाले. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा.

4. कच्चा दुवा तुम्हीच आधी बाहेर काढा. पावणेसातला अंधार पडलेला असतो. म्हणून "उजेड कशाचा होता?" हे सरतपासणीतच विचारा. ट्रॅक्टरचे दिवे इथे नोंदले गेले की उलटतपासणीत अंधाराचा मुद्दा निम्मा बोथट होतो.

5. हत्याराचे वर्णन आधी विचारा आणि त्यानंतरच मुद्देमाल दाखवा. आधी कोयता हातात देऊन "हाच का?" विचारले तर त्या ओळखीला अर्थ उरत नाही.

6. शेवटी पाहण्याची मर्यादा विचारा: "तुम्ही स्वतः किती वार पाहिले?" आपल्या खटल्यात हा प्रश्न राहून गेला. साक्षीदार ओघात म्हणाला, "आरोपीने दोन वार केले," आणि तसेच नोंदले गेले. त्याने गावात ऐकलेले आणि स्वतः पाहिलेले एकत्र सांगितले. पुढची सगळी गुंतागुंत या राहिलेल्या प्रश्नातून निर्माण होते.

साक्षीदार अगदीच उलटला, "मी काहीच पाहिले नाही" म्हणाला, तर कलम 157 खाली न्यायालयाच्या परवानगीने बोलावणारा पक्षच त्याला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू शकतो. मात्र साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची साक्ष आपोआप पुसली जात नाही. तिच्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय घेऊ शकते.

दुसरा टप्पा: उलटतपासणी

हेतू दोन. साक्षीच्या मर्यादा उघड करणे आणि आपल्या बाजूचे म्हणणे साक्षीदारासमोर ठेवणे. इथे सूचक प्रश्नांना मुभा आहे आणि सरतपासणीत आलेल्या मुद्द्यांपुरतेच राहण्याचे बंधनही नाही. म्हणूनच आवर महत्त्वाचा.

1. आधी अडचणीची नसलेली कबुली मिळवा. तुमची विहीर आणि बांध यांत अंतर किती? मध्ये ऊस उभा होता? विजेचा खांब जवळ नाही? ही उत्तरे साक्षीदार सहज देतो. एकदा कडक शब्द वापरलेत की तो प्रत्येक "हो" मागे घ्यायला लागतो.

2. मग विसंगती सिद्ध करा. या पायऱ्या ठरलेल्या आहेत, एकही गाळता येत नाही.

आधी न्यायालयातले विधान पक्के करा: "दोन्ही वार तुमच्यासमोर झाले?" तो हो म्हणतो. मग पोलिसांनी जबाब घेतला होता हे त्याच्याकडून मान्य करून घ्या. त्यानंतर कलम 148 प्रमाणे जबाबातला नेमका भाग त्याला वाचून दाखवा: "तेव्हा जखमी बांधावर पडला होता, असे तुम्ही सांगितले होते?" त्याने मान्य केले तर विसंगती तिथेच सिद्ध झाली. नाकारले तर त्या भागावर "अ" अशी खूण करून घ्या.

खूण म्हणजे पुरावा नव्हे. तपासी अंमलदाराची साक्ष होईल तेव्हा त्याला विचारा: "खूण 'अ' मधला भाग साक्षीदाराने तुम्हाला सांगितला होता?" तो हो म्हणाला की तो भाग सिद्ध होतो आणि त्याला निशाणी क्रमांक पडतो. नवे वकील सर्वांत जास्त विसरतात ती ही पायरी. मग युक्तिवादाच्या दिवशी "अ" भागाकडे बोट दाखवता येते, पण न्यायालयाला तो वाचता येत नाही.

न्यायालयात सांगितलेली गोष्ट जबाबात मुळीच नसेल तर रीत थोडी वेगळी. "हे पोलिसांना सांगितले होते का?" असे विचारा. नोंदीत येणारे उत्तर बहुधा असे असते: "मी सांगितले होते. जबाबात का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." हेही तपासी अंमलदाराकडून पडताळून घ्या. अशी उणीव महत्त्वाची असेल तरच ती विसंगती ठरते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 181 चे स्पष्टीकरण सांगते.

3. विसंगती नोंदली गेली की थांबा. "मग कोर्टात खोटे का सांगता?" हा प्रश्न विचारलात, तर साक्षीदार म्हणेल, "साहेब, पहिला वार मी पाहिला नाही, पण दुसरा माझ्या डोळ्यांसमोर झाला." कष्टाने उघडलेली फट तुमच्याच प्रश्नाने बुजते.

4. शेवटी आपले म्हणणे सूचनेच्या रूपात ठेवा. नोंदीत ती अशी उतरते: "जखमी ट्रॅक्टरच्या फाळावर पडून जखमी झाला, हे म्हणणे खरे नाही. आरोपीशी माझा पाण्याच्या पाळीवरून वाद आहे म्हणून मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." साक्षीदार नाकारणारच. तरीही सूचना द्यायची, कारण जे त्याच्यासमोर ठेवले नाही ते बचाव म्हणून नंतर उभे करणे अवघड जाते. पण नाकारलेली सूचना पुरावा होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

उलटतपासणी शक्यतो त्याच दिवशी करा. विनोदकुमार विरुद्ध पंजाब राज्य या 2015 च्या निकालात सरतपासणी आणि उलटतपासणी यांत सुमारे 20 महिन्यांचे अंतर पडले होते. मधल्या काळात साक्षीदार फिरला होता. सर्वोच्च न्यायालयाने अशा मुदती देण्यावर कठोर शब्दांत नापसंती नोंदवली.

तिसरा टप्पा: फेरतपासणी

हेतू असा की उलटतपासणीत जे अर्धवट किंवा गोंधळाचे उरले त्याचा खुलासा करायचा. सरतपासणी पुन्हा म्हणायची नाही. सूचक प्रश्नांची मनाई इथेही लागू आहे.

1. आधी ठरवा की गरज आहे का. साक्षीदार नुसताच घाबरला किंवा उत्तर आवडले नाही, हे कारण पुरेसे नाही.

2. उलटतपासणीतला नेमका मुद्दा पकडा. आपल्या खटल्यात बचावाने जबाबातले एकच वाक्य वाचले आणि पुढचे सोडले. कलम 181 मध्ये यावर उपाय आहे. जबाबाचा काही भाग उलटतपासणीत वापरला गेला, तर त्या मुद्द्याच्या खुलाशापुरता त्याचा इतर भाग फेरतपासणीत वापरता येतो. म्हणून सरकारी वकील पुढचे वाक्य वाचून दाखवतात आणि विचारतात, "हे तुम्ही सांगितले होते का? मग तुम्ही स्वतः काय पाहिले?" साक्षीदार म्हणतो, "पायावरचा वार मी पाहिला. हातावरचा मी यायच्या आधी झाला."

3. नवी गोष्ट काढायची असेल तर न्यायालयाची परवानगी घ्या. ती मिळाली की विरुद्ध पक्षाला त्या नव्या गोष्टीपुरती पुन्हा उलटतपासणी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने 1999 च्या रम्मी खटल्यात स्पष्ट केले आहे की फेरतपासणी नुसती संदिग्धता दूर करण्यापुरती मर्यादित नाही. उलटतपासणीत आलेल्या कोणत्याही बाबीचा खुलासा तिथे मागता येतो.

शेवटी काय उरले

तीन टप्प्यांनंतर न्यायाधीशांसमोर साक्ष तिच्या खऱ्या मापाची आली. दोन वार पाहिल्याचा दावा गेला, एक वार पाहिल्याचा टिकला. दंडावरची जखम आता जखमीच्या स्वतःच्या साक्षीवर आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर उभी राहील. साक्षीचा एक भाग गळला म्हणून सगळी साक्ष टाकून द्यावी, असा नियम आपली न्यायालये मानत नाहीत.

उठण्यापूर्वी या साक्षीदाराकडून कोणते एक उत्तर हवे आहे ते कागदावर लिहा. ते मिळाले की पुढचा प्रश्न न विचारता खाली बसा.